अकरावीचा प्रकल्प : विषय गुगलवर शोधू नका, रापणीवर शोधा



बंदीचे दिवस संपत आले. 1 ऑगस्टला होड्या उतरतील, आणि नेमकं त्याच सुमारास कॉलेजात सर-मॅडम सांगतील, "पुढच्या आठवड्यात प्रकल्पाचा विषय लिहून आणा." मग पोरं मोबाईल उघडतात आणि "सागरी प्रदूषण", "हवामान बदल व मासळी", "मत्स्यव्यवसायाचं महत्त्व" असलं काहीतरी लिहून देतात. रंगीत प्रिंट, वर प्लास्टिकचं कव्हर, मार्कही मिळतात. पण बारावीनंतर कुठे अर्ज भरायची वेळ येते तेव्हा त्या फाईलचा काडीचाही उपयोग होत नाही. ती फाईल मडगावच्या पोराची असो की नागपूरच्या, आत तेच लिहिलेलं असतं.

आमचं म्हणणं एवढंच की विषय असा घ्यावा ज्याची माहिती जेटीवर किंवा किनाऱ्यावर गेल्याशिवाय मिळूच शकत नाही. आपल्या पोरांना हे बाकीच्यांपेक्षा सोपं आहे. शहरातल्या मुलाला सकाळी सहा वाजता रापण ओढताना उभं राहायचं तर ओळख काढावी लागते. आपल्या पोराला फक्त लवकर उठावं लागतं. (ते अवघड आहे, कबूल.)

आधी स्कॉलरशिपबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण पालक ऑफिसात येऊन विचारतात, "कोणता प्रकल्प केला तर स्कॉलरशिप मिळेल?" सरळ उत्तर असं की बऱ्याच स्कॉलरशिप प्रकल्प बघतच नाहीत. केंद्र सरकारची इन्स्पायर स्कॉलरशिप वर्षाला 80,000 रुपयांची आहे, पण ती मिळते बारावीत बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यात आल्यावर, आणि मूलभूत विज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेतल्यावर. तिथे अकरावीची फाईल कोणी उघडत नाही. फिशरीजच्या पदवीला आयसीएआरच्या कोट्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांना जी नॅशनल टॅलेंट स्कॉलरशिप आहे, तीसुद्धा प्रवेश परीक्षेवर ठरते. पूर्वी केव्हीपीवाय नावाची परीक्षा होती, अजून काही जण तिच्याबद्दल विचारतात. ती 2022 पासून बंद झाली, तिच्यासाठी क्लास लावून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

मग प्रकल्प कुठे उपयोगी पडतो? तीन ठिकाणी. एक, विज्ञान स्पर्धेत. दोन, जिथे मुलाखत असते किंवा "तुम्हाला या विषयात रस का" असं अर्धं पान लिहून द्यायचं असतं तिथे, आणि खासगी ट्रस्टच्या बऱ्याच स्कॉलरशिपमध्ये हे असतं. तीन, पदवीला गेल्यावर. त्याच इन्स्पायरच्या 80,000 पैकी 20,000 रुपये उन्हाळ्यात एखाद्या मार्गदर्शकाकडे संशोधनाचं काम करण्यासाठी असतात. ज्या मुलाने अकरावीत स्वतः मोजमाप केलंय, त्याला दोनापावलाच्या एनआयओत किंवा जुन्या गोव्याच्या आयसीएआर संस्थेत एखाद्या शास्त्रज्ञाला ईमेल करताना लिहायला काहीतरी असतं. बाकीच्यांच्या ईमेलमध्ये "आय अ‍ॅम व्हेरी इंटरेस्टेड" एवढंच असतं.

आता उदाहरण घेऊन बोलू. आम्ही एकच विषय घेतो आणि तो शेवटपर्यंत नेतो. बाकीचे विषय त्याच वाटेने जातात.

विषय असा: "आपल्या किनाऱ्यावरच्या रापणीत येणाऱ्या बांगड्यात 14 सेंटिमीटरपेक्षा लहान मासळी किती? आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हा वाटा बदलतो का?"

हे 14 कुठून आलं ते आधी सांगतो, कारण परीक्षक हाच प्रश्न पहिला विचारणार. केरळ सरकारने 2015 मध्ये काही मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याखालची मासळी पकडून विकायची नाही असा. बांगड्याला 14 सेंटिमीटर, तारलीला 10. हे आकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या, म्हणजे सीएमएफआरआयच्या, शिफारशीवरून आले. आपलं राज्य वेगळं, म्हणून मुलाने केरळचा आकडा कायदा म्हणून लिहायचा नाही. "तुलनेसाठी ही रेघ घेतली" असं लिहायचं. एवढं एक वाक्य नीट लिहिलं तरी समोरच्याला कळतं की पोराला विषय समजलाय.

रापणच का? ट्रॉलर का नाही? आमच्या मते या विषयाची सगळी गोम इथेच आहे. ट्रॉलरवर मासळीची निवड समुद्रातच होते. चांगली क्रेटमध्ये, बारीक कुट्टीला, आणि काही परत पाण्यात. जेटीवर उभं राहिलेल्या पोराला दिसते ती निवडून उतरवलेली मासळी. जाळ्यात काय आलं होतं ते त्याला कधीच कळणार नाही. म्हणजे तो शंभर दिवस मोजत बसला तरी त्याच्या प्रश्नाचं उत्तर जेटीवर नाही. रापणीचं तसं नाही. जाळं वाळूवर येतं, सगळी मासळी डोळ्यांसमोर पडते, निवड नंतर होते. निवड सुरू व्हायच्या आत नमुना घेतला की काम झालं. घरचा ट्रॉलरच असेल तर प्रश्न बदलायचा, "जेटीवर उतरवलेल्या बांगड्यात" असं लिहायचं, आणि क्रेट व कुट्टी दोन्हींतून वेगवेगळा नमुना घेऊन दोन्हींचं वजन टिपायचं. चालतं, पण काम दुप्पट.

सामान फार लागत नाही. एक गुळगुळीत फळी, दीड फूट लांब. एका टोकाला उभी पट्टी ठोकायची आणि तिथून शून्य धरून स्टीलची मोजपट्टी खिळ्यांनी बसवायची. मासळीचं तोंड उभ्या पट्टीला टेकवायचं, तोंड मिटलेलं हवं, अंग सरळ हवं, शेपटीची दोन्ही टोकं जवळ आणून जिथे टोक येतं तो आकडा मिलिमीटरपर्यंत लिहायचा. याला एकूण लांबी म्हणतात. शेपटीच्या खाचेपर्यंत मोजली तर ती वेगळी लांबी, आणि ती बांगड्यात दीडेक सेंटिमीटरने कमी भरू शकते. केरळचं 14 हे एकूण लांबीचं आहे. मुलाने खाचेपर्यंत मोजलं आणि तुलना 14 शी केली, तर चांगली वाढलेली मासळीसुद्धा "लहान"मध्ये जाईल आणि अख्खा प्रकल्प चुकेल. हे शेवटी फाईल बघून कळत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर मासळीचं चित्र काढून कुठून कुठे मोजलं ते बाण दाखवून ठेवायचं.

मासळी ताजी असतानाच मोजायची. दुपारपर्यंत बर्फात राहून ताठ आणि वाकडी झालेली मासळी सरळ करता करता दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात.

आता नमुना. पोरं काय करतात, ढिगावर हात घालतात आणि वरची, हाताला येणारी मासळी उचलतात. मोठी मासळी डोळ्यात भरते, तीच उचलली जाते. त्याऐवजी ढिगाच्या तीन ठिकाणांहून, वरून, मधून आणि खालून, एकेक छोटी पाटी भरून घ्यायची, आणि प्रत्येक पाटीतले पहिले दहा बांगडे मोजायचे, निवडानिवड न करता. झाले तीस. तीस बांगडे मोजायला दोघांना वीस मिनिटं लागतात. एक जण मोजणार, एक जण लिहिणार. एकट्याने केलं तर खवले लागलेल्या हाताने वही खराब होते आणि आकडे घरी जाऊन आठवून लिहिले जातात. ते नको.

कोणी म्हणेल, तीसच कशाला, एका दिवशी तीनशे मोजून मोकळं व्हावं. इथे आपल्या लोकांना जे माहीत आहे ते पुस्तकात शोधावं लागतं. बांगडा थव्याने फिरतो आणि एका थव्यात साधारण एकाच वयाची, एकाच आकाराची मासळी असते. म्हणजे एका दिवसाच्या ओढीतले तीनशे बांगडे म्हणजे जवळजवळ एकाच थव्याची गोष्ट तीनशे वेळा ऐकण्यासारखं आहे. त्यापेक्षा बारा वेगवेगळ्या दिवशी तीस-तीस मोजले तर बारा गोष्टी कळतात. मासळीच्या संख्येपेक्षा दिवसांची संख्या मोठी हवी. हा मुद्दा तांडेलाला सांगावा लागत नाही, पण कॉलेजच्या पोराला सांगावा लागतो. परीक्षकाने विचारल्यावर पोराने हे आपल्या शब्दांत सांगितलं, तर बाकी काही विचारायची गरज उरत नाही.

आकड्यांत बघू. हे आकडे आम्ही समजावण्यासाठी बनवलेत, कुठल्या किनाऱ्याचे नाहीत. समजा सप्टेंबरात सहा दिवस, रोज तीस बांगडे मोजले. त्यात 14 पेक्षा लहान निघाले अनुक्रमे 18, 6, 14, 22, 10 आणि 16. एकूण 180 पैकी 86, म्हणजे साधारण 48 टक्के. नोव्हेंबरात सहा दिवसांत निघाले 4, 9, 2, 7, 12 आणि 5. एकूण 180 पैकी 39, म्हणजे साधारण 22 टक्के. वाटा निम्म्याहून खाली आला असं दिसतं.

पण दिवस वेगवेगळे बघा. सप्टेंबरातल्या दुसऱ्या दिवशी तीसपैकी फक्त 6 लहान, म्हणजे 20 टक्के. नोव्हेंबरातल्या पाचव्या दिवशी 12 लहान, म्हणजे 40 टक्के. पोरगा फक्त ह्या दोन दिवशी गेला असता तर त्याने बरोबर उलटा निष्कर्ष लिहिला असता की सप्टेंबरात मासळी मोठी होती आणि नोव्हेंबरात बारीक. म्हणून फाईलमध्ये नुसती दोन टक्केवारी देऊ नये. बारा दिवसांचे बारा ठिपके आलेखावर मांडावेत, आणि सप्टेंबरचे ठिपके नोव्हेंबरच्या ठिपक्यांत किती मिसळतात ते दाखवावं. इथे मिसळतात, पण थोडे. तेवढंच लिहायचं.

दिवस आधी ठरवून ठेवायचे, हेही तितकंच महत्त्वाचं. उदाहरणार्थ दर शनिवार आणि दर बुधवार. "आज भरपूर बांगडा पडलाय, ये" असा फोन आला म्हणून गेलं, तर मोठ्या थव्याचेच दिवस वहीत येतात. ठरवलेल्या दिवशी रापण गेलीच नाही किंवा बांगडा आलाच नाही, तर वहीत तसंच लिहायचं. रिकामा दिवस लपवायचा नाही. अशा रिकाम्या नोंदी असलेली वही बघून जाणकार माणूस खूष होतो, कारण खोटी वही बनवणारा रिकामा दिवस कधी लिहीत नाही.

खोटी वही ओळखायची अजून एक खूण सांगून ठेवतो, पालकांनाही उपयोगी पडेल. सगळे आकडे 14.0, 14.5, 15.0 असे शून्यावर किंवा पाचावर संपत असतील, तर ती मासळी फळीवर ठेवलेली नाही, डोळ्याने अंदाज केलाय किंवा घरी बसून लिहिलंय. खरी मासळी 13.7 असते, 14.2 असते. स्पर्धेत परीक्षक पहिल्यांदा हेच चाळून बघतात.

आता आमच्यातल्याच काही बोटमालकांची नाराजी. गेल्या हंगामात एक मालक दादा ऑफिसात येऊन म्हणाले, "सेक्रेटरी, पोरगी लिहिणार की आमच्या जाळ्यात बारीक मासळी येते. उद्या तो कागद खात्यात गेला तर? आमचाच दंड आमच्या पोरीच्या हाताने?" हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. आम्हाला ही भीती खोटी वाटत नाही.

पण तीन गोष्टी सांगतो. पहिली, फाईलमध्ये बोटीचं किंवा मालकाचं नाव लिहायची गरजच नाही. "रापण अ", "रापण ब" असं लिहायचं, शास्त्रज्ञही तसंच करतात. मालकाची परवानगी आधी घ्यायची, आणि त्याने नाही म्हटलं तर दुसरीकडे जायचं. दुसरी, बारीक मासळी सापडली म्हणजे कुणी गुन्हा केला असं होत नाही. बांगड्याची वीण पावसाळ्याच्या आगेमागे होते, त्यामुळे नंतरच्या महिन्यांत लहान बांगडा किनाऱ्याजवळ दिसणं हे निसर्गातच आहे. एका किनाऱ्यावरच्या एका वर्षाच्या दोन महिन्यांच्या नोंदीवरून जाळं चुकीचं आहे की समुद्रातली मासळी कमी झाली, यातलं काहीच सांगता येत नाही. मुलाने हे निष्कर्षात स्वतःच लिहायला हवं. अकरावीची पोरं इथेच घसरतात. मोजतात बांगडा आणि शेवटी लिहितात, "त्यामुळे अरबी समुद्रातील मत्स्यसाठा धोक्यात आहे." परीक्षक तिथेच लाल रेघ मारतो, आणि बरोबर करतो.

तिसरी गोष्ट कडू आहे. आपल्या मासळीचे आकडे आज कोणीतरी घेतच आहे. सीएमएफआरआयची माणसं वर्षानुवर्षं देशभरातल्या किनाऱ्यांवर ठरावीक दिवशी येऊन नोंद करतात. त्या नोंदींवरून किमान आकार ठरतात, जाळ्यांच्या आसाचे नियम ठरतात. तो आकडा कसा काढतात हे समजणारं एकही माणूस आपल्या घरात नसेल, तर नियम आल्यावर आपण फक्त आरडाओरडा करणार. बारीक मासळीबद्दल आपण म्हणतो "असं नसतं हो", आणि समोरचा म्हणतो "आकडा दाखवा". आम्हाला तर वाटतं, पोरीने मोजलेलं मालकांनी अडवू नये, उलट ती वही आपणच आधी बघावी.

वहीत लांबीबरोबर दर दिवशी पंधरा-वीस बांगड्यांचं वजनही टिपलं तर प्रकल्पाला दुसरा अर्धा भाग मिळतो. मासळीची लांबी वाढते त्याच्या कितीतरी पट वजन वाढतं, कारण ती लांबीबरोबर रुंदी आणि जाडीतही वाढते. ढोबळ हिशेबाने वजन लांबीच्या घनाने वाढतं. 14 सेंटिमीटरचा बांगडा 21 सेंटिमीटरचा झाला, म्हणजे लांबी दीडपट झाली, तर वजन जवळजवळ साडेतीनपट होतं. हे पोराने पुस्तकातून उतरवायचं नाही, स्वतःच्या वजनांवरून काढायचं आणि बघायचं की आपल्या बांगड्यात घनच येतो की थोडा कमी-जास्त. गणिताच्या सरांकडून लॉगरिदम समजून घेतलं की एका संध्याकाळचं काम आहे. फक्त काटा बारीक हवा. मासळी तोलायचा मोठा काटा दहा-वीस ग्रॅमचा फरक दाखवत नाही. सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा, आणि पाणी निथळून मासळी ठेवावी.

आता स्पर्धांचं. याच वहीचं काय काय होऊ शकतं ते बघा. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद ही 1993 पासूनची स्पर्धा, दहा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी. तिला नेमका असाच प्रकल्प हवा असतो: आपल्या भागातला प्रश्न, स्वतः केलेली पाहणी, मूळ वही आणि मार्गदर्शक शिक्षक. प्रकल्प इंग्रजीतच हवा असं तिथे नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कुठलीही भाषा चालते, म्हणजे मराठी चालते आणि कोंकणीही चालते. आमच्या पोरांना इंग्रजीची भीती वाटते म्हणून मुद्दाम सांगतो. मात्र वयाची अट तारखेवर मोजतात. अकरावीतली बरीच पोरं सोळा-सतराची असतात, बारावीत गेल्यावर वय उलटून जातं. म्हणून "पुढच्या वर्षी बघू" हे या स्पर्धेपुरतं चालत नाही. प्रत्येक वर्षी परिषदेचा एक मुख्य विषय दिलेला असतो, तो शाळेतून किंवा कॉलेजातून आधी समजून घ्यावा आणि आपल्या प्रश्नाची मांडणी त्याला धरून करावी. मोजमाप तेच राहतं, प्रस्तावनेची दोन पानं बदलतात.

इन्स्पायर-मानक ही वेगळी गोष्ट आहे, तिचा गोंधळ होतो. तिथे पाहणी नको असते, नवी कल्पना किंवा नवं उपकरण हवं असतं, आणि निवड झाली तर ते बनवायला 10,000 रुपये खात्यात येतात. बांगड्याच्या टक्केवारीची फाईल तिथे पाठवून उपयोग नाही. पण मोजताना पोराला फळीतच काही सुचलं, ओल्या हाताने न लिहिता मासळी ठेवल्या ठेवल्या आकडा नोंदवणारी फळी वगैरे, तर तो विषय तिथला. एकाच कामातून दोन वाटा फुटू शकतात, मात्र एकच फाईल दोन्हीकडे पाठवू नये.

पुढच्या शिक्षणाशी जोडायचं तर मुलाने अकरावीला कोणते विषय घेतलेत ते बघावं लागतं. जीवशास्त्र असेल तर वरचा विषय सरळ बसतो. फिशरीज सायन्सची पदवी चार वर्षांची, आपल्याला जवळ म्हणजे वर रत्नागिरीचं शिरगाव आणि खाली मंगळूर. आयसीएआरच्या जागांसाठी सीयूईटी परीक्षा द्यावी लागते. तिथे प्रकल्पाला मार्क नाहीत, हे पुन्हा सांगतो. पण पहिल्याच वर्षी मासळीची लांबी, वजन आणि नमुना घेणं हेच शिकवतात, आणि तिथे आपलं पोर मागे राहत नाही.

गणित घेतलं असेल आणि बोट चालवण्याकडे किंवा इंजिनाकडे ओढा असेल, तर बांगडा मोजत बसू नये. त्याने घरच्या बोटीचा डिझेलचा हिशेब घ्यावा: किती अंतर, किती वेग, किती लिटर, येताना मासळी भरलेली असताना किती. जीपीएसवर अंतर आणि वेग दोन्ही मिळतात. टाकी भरताना आणि परत भरताना मोजायची, बाकी आकडेमोड आहे. कोचीच्या सिफनेटसारख्या संस्थेत जायचं मनात असेल तर अशी वही जवळची. फक्त एक जपावं. वारा, लाटा आणि ओढ कुठल्या दिशेची होती ते लिहिलं नाही तर एका फेरीची दुसरीशी तुलनाच करता येत नाही.

कॉमर्सच्या पोरांनी नाक मुरडू नये. लिलावात एकाच दिवशी, एकाच आकाराच्या बांगड्याचा भाव सकाळी सातला काय आणि अकराला काय, हे दोन महिने रोज टिपलं तर बँकेच्या किंवा सहकार खात्याच्या मुलाखतीत बोलायला भरपूर आहे. फक्त आकार एकच ठेवायचा. नाहीतर भाव उतरला तो उशिरामुळे की मासळी बारीक होती म्हणून, हे वेगळं काढता येणार नाही. भाव सांगणाऱ्या बायकांना आधी विचारायचं, आणि त्यांनी सांगितलेला भाव कोणाच्या नावावर लिहायचा नाही.

कॉलेजात विषय देताना कधी कधी सर म्हणतात, "हा फार छोटा विषय आहे, थोडा मोठा घे." तिथे पोराने गडबडू नये. विषय छोटा असू दे. सरांना वेळापत्रक दाखवावं: सप्टेंबरचे सहा दिवस, नोव्हेंबरचे सहा दिवस, रोज तीस, एकूण 360 मासळ्या, डिसेंबरात आलेख, जानेवारीत लिखाण. कागदावर असं मांडलेलं दिसलं की बहुतेक सर मान्य करतात. ऑक्टोबर मोकळा ठेवलाय तो मुद्दाम, कारण सहामाही असते आणि पोरं रापणीचं निमित्त सांगून अभ्यास टाळतात. घरोघरी हे चालतं, आम्हाला माहीत आहे.

शेवटी मूळ वहीबद्दल. ती ओली होईल, मासळीचा वास येईल, पानं चिकटतील. तरी ती फेकायची नाही आणि पुन्हा सुंदर अक्षरात उतरवून मूळ म्हणून दाखवायची नाही. शिसपेन्सिलने लिहा, शाई पाण्यात पसरते. रोज घरी आल्यावर पानाचा मोबाईलने फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा, म्हणजे तारखेसकट नोंद राहते. स्पर्धेच्या टेबलावर टाईप केलेली फाईल खाली आणि ही वास येणारी वही वर ठेवायची.

फळी बनवायची असेल तर संस्थेच्या ऑफिसात एक नमुना ठेवलाय, माप घेऊन जा. छोटा काटाही आहे, तो बाहेर नेता येणार नाही, पण सकाळी आठ ते दहा कुणीही मासळी आणून तोलू शकतं. ज्या रापणकारांना पोरांनी येऊन मोजलेलं चालणार आहे त्यांनी 10 ऑगस्टच्या आत ऑफिसात नाव सांगावं. यादी फक्त पालकांना दाखवू, इथे टाकणार नाही.